पहिले चौदा दिवस

स्वयंसेवकांनी चालवलेला कुत्र्यांचा छोटा निवारा महिन्याला किती कुत्री आत घेऊ शकतो? या प्रश्नाचं उत्तर सहसा शेडमधले पिंजरे मोजून दिलं जातं. पिंजरे तीस, आत कुत्री वीस, म्हणजे दहा जागा शिल्लक. हा हिशेब चुकतो आणि त्याची किंमत पिल्लं मोजतात. खरा आकडा ठरतो तो नव्या कुत्र्याला पहिले चौदा दिवस इतरांपासून वेगळं ठेवायच्या खोल्यांवरून. अशा खोल्या चार असतील, तर एक खेप बाहेर पडून दुसरी आत यायला दोन आठवडे लागतात. म्हणजे महिन्याला जेमतेम आठ कुत्री, किंवा एकाच आईची पिल्लं एकत्र आली तर असे आठ गट. शेडमध्ये दहा जागा रिकाम्या दिसत असल्या, तरी आठच.

महाराष्ट्रात शहरांच्या आणि तालुक्याच्या गावांच्या कडेला असे निवारे चालतात. कुणी दिलेली शेतातली पत्र्याची शेड, कुठे बंद पडलेलं पोल्ट्रीचं शेड, नोकरी-कॉलेज सांभाळून पाळीपाळीने येणारे आठ-दहा जण, आठवड्यातून एक-दोनदा फेरी मारणारे पशुवैद्यक आणि दिवसभर वाजत राहणारा व्हॉट्सॲप ग्रुप. त्या ग्रुपवर येणारा प्रत्येक फोटो ‘आत्ताच्या आत्ता घ्या’ असं म्हणत असतो. अशा वेळी चौदा दिवसांचा नियम निष्ठुर वाटतो. तो का पाळायचा, हे एका रोगाकडे बघितलं की कळतं.

रस्त्यावर खाऊ घालणारी मंडळी ज्याला बऱ्याचदा ‘गॅस्ट्रो’ म्हणतात, तो पिल्लांचा आजार म्हणजे अनेकदा पार्वो असतो. हा विषाणू कुत्र्यांमध्ये पहिल्यांदा ओळखला गेला तो 1978च्या सुमारास आणि पुढच्या दोनेक वर्षांत तो जगभर पोचला. लागण झाल्यापासून साधारण तीन ते सात दिवसांत, क्वचित त्याहून उशिरा, पिल्लू आजारी पडतं. आधी ते गप्प होतं, खाणं सोडतं, मग उलट्या आणि मग घाण वासाचे रक्ताळलेले जुलाब. पण निवाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात वाईट गोष्ट अशी, की विष्ठेतून विषाणू बाहेर पडायला लागतो तो लक्षणं दिसायच्या आधीच. दारात आलेलं खेळकर, भुकेलं, डोळे लुकलुकणारं पिल्लू त्या क्षणी सगळी शेड दूषित करत असू शकतं. नुसतं बघून हे कुणालाही सांगता येत नाही, पशुवैद्यकांनाही नाही. म्हणून थांबायचं.

डिस्टेंपरची तऱ्हा वेगळी. त्याचा विषाणू उन्हात आणि साबणाच्या पाण्यात लवकर मरतो, पण तो शिंकेतून, नाकाडोळ्यांच्या स्रावातून पसरतो आणि लक्षणं दिसायला कधी आठवडा, कधी चार-पाच आठवडे घेतो. आधी चिपडं आणि सर्दी, मग ताप, खोकला, आणि बरं होतंय असं वाटत असताना पायाला किंवा जबड्याला झटके. सप्टेंबर 2018मध्ये गीरच्या जंगलात एकामागून एक सिंह मेले, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या तपासणीत हाच विषाणू सापडला होता. चौदा दिवसांत पार्वो बहुतेक वेळा उघड होतो. डिस्टेंपर मात्र कधीकधी या मुदतीतून निसटतो. त्यामुळे सर्दी-चिपडं असलेल्या कुत्र्याची मुदत चौदाव्या दिवशी संपवायची नसते.

दोन वेगळ्या खोल्या

करोनाच्या काळात सगळ्यांना क्वारंटाइन माहीत झालं, पण निवाऱ्यात दोन वेगळ्या जागा लागतात. क्वारंटाइन असतं धडधाकट दिसणाऱ्या नव्या कुत्र्यांसाठी. आजारी पडलेल्यांसाठी असतो आयसोलेशन कक्ष. जागा कमी म्हणून दोन्ही एकत्र केल्या, तर फक्त संशय असलेलं पिल्लू खऱ्या रुग्णाशेजारी जाऊन बसतं आणि संशय खरा ठरतो.

क्वारंटाइनची खोली कशी असावी, याचे नियम साधे आहेत. दोन खोल्यांमध्ये जाळी नको, भरीव भिंत हवी. जमीन धुता येणारी हवी. शेणाने सारवलेली किंवा मातीची जमीन निर्जंतुक करता येत नाही. तिथे पार्वोचं पिल्लू राहिलं असेल, तर लस पूर्ण न झालेल्या पिल्लाला तिथे वर्षभर तरी सोडू नये. शहाबादी फरशी असेल तर सांधे सिमेंटने भरून घ्यावेत, कारण घाण तिथे राहते आणि गोचिडीही अशाच फटींमध्ये अंडी घालतात. पाण्याचा उतार बाहेरच्या बाजूला हवा. क्वारंटाइन धुतलेलं पाणी मुख्य शेडच्या गटारातून वाहत गेलं, तर भिंती बांधून उपयोग नाही. पावसाळ्यात तर हा उतार आणखी महत्त्वाचा. उंदीर आणि कुत्र्यांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस साचलेल्या पाण्यातून माणसालाही होतो.

खोलीपेक्षा जास्त घोळ होतो तो वस्तूंचा. प्रत्येक विभागाची बादली, खराटा, भांडी आणि चपला वेगळ्या असाव्या लागतात. दारात जंतुनाशकाचं पसरट भांडं ठेवून त्यात पाय बुडवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते, पण तळव्याला चिकटलेल्या घाणीवर दोन सेकंदांत काही होत नाही. त्यापेक्षा क्वारंटाइनच्या दाराशी लाल रंगाच्या रबरी चपलांचा जोड ठेवावा, जो त्या उंबऱ्याबाहेर कधीच येत नाही. लाल बादली, लाल खराटा, लाल चपला. मुख्य शेडमध्ये लाल वस्तू दिसली, की नव्या स्वयंसेवकालाही चूक कळते.

कामाचा क्रमही ठरलेला. सकाळी आधी शेडमधली निरोगी पिल्लं, मग मोठी कुत्री, मग क्वारंटाइन आणि शेवटी आयसोलेशन. उलटं कधीही नाही. आयसोलेशनमध्ये गेलेल्या माणसाने अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय पिल्लांना हात लावायचा नाही.

आता जंतुनाशक. पार्वोचा विषाणू फिनाईलने भरवशाने मरत नाही आणि हाताला लावायच्या सॅनिटायझरनेही नाही. फिनाईलचा वास आला की जागा स्वच्छ झाली असं वाटतं, आणि नेमका तिथेच घात होतो. चालतं ते साधं ब्लीच. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट 5 टक्के असं लिहिलेलं असेल, तर एक लिटर पाण्यात 30 मिली, म्हणजे दहा लिटरच्या बादलीत 300 मिली. पण आधी विष्ठा उचलायची, साबणाच्या पाण्याने घासायचं, पाण्याने धुवायचं आणि त्यानंतर ब्लीच टाकून दहा मिनिटं जागा ओली ठेवायची. घाणीवर ओतलेलं ब्लीच घाणीशीच संपतं. द्रावण रोज ताजं करायचं, बाटली उन्हात ठेवायची नाही आणि ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरं कुठलंही क्लीनर मिसळायचं नाही; त्यातून विषारी वायू निघतो. जागा वाळेपर्यंत कुत्र्याला आत सोडायचं नाही.

दारातली नोंद

निवाऱ्यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित साधन म्हणजे लांबट, जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर. त्यातली नोंद कुत्रं आत यायच्या आधी, दारातच व्हायला हवी. ‘काळं कुत्रं, मादी, बाजारातून’ एवढं लिहून भागत नाही. पंधरा दिवसांनी शेडमध्ये तीन काळ्या माद्या असतात.

प्रत्येक कुत्र्याला एक क्रमांक मिळतो आणि तो पुन्हा दुसऱ्याला दिला जात नाही. मग तारीख, वेळ, आणणाऱ्याचं नाव आणि फोन, उचललेली नेमकी जागा. ‘स्टेशनजवळ’ असं नाही, तर कोणत्या दुकानासमोर, कोणत्या गल्लीत. 2023च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेलं भटकं कुत्रं जिथून आणलं तिथेच परत सोडायचं असतं. ही जागा नीट लिहिलेली नसेल तर ते भलत्याच टोळीच्या हद्दीत जाऊन पडतं. कानाला कट आहे का, हेही इथेच बघायचं, कारण तो निर्बीजीकरण झाल्याची खूण असतो.

त्यानंतर अंगावरची तपासणी. वजन, ताप, हिरड्यांचा रंग, डोळे, नाक, त्वचा, गोचिडी, जखमा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101-102 फॅरनहाइटच्या आसपास असतं, त्यामुळे माणसाच्या मापाने ‘ताप आहे’ असं लिहिणारे बरेच असतात. वय दातांवरून ठरतं. दुधाचे पुढचे दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसू लागतात. साडेतीन-चार महिन्यांच्या सुमारास ते पडून पक्के येऊ लागतात, सुळे पाचव्या-सहाव्या महिन्यात बदलतात. टोकदार, बारीक दुधाचे दात पूर्ण आलेलं पिल्लू साधारण दोन महिन्यांचं म्हणता येतं. हा अंदाज महत्त्वाचा असतो, कारण लसीचं वेळापत्रक त्यावर बसतं.

लस दारातच द्यायची असते, म्हणजे आल्या आल्या, तब्येत अगदी ढासळलेली नसेल तर. पार्वो-डिस्टेंपरची एकत्र लस निवाऱ्यात चार-सहा आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी, सोळा ते वीस आठवड्यांचं होईपर्यंत देतात. एवढे डोस का? आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती काही आठवडे लसीलाच निष्प्रभ करते आणि ती कोणत्या पिल्लात कधी ओसरेल, हे आधी कळत नाही. म्हणून ‘एक लस झाली आहे’ याचा अर्थ ‘पिल्लू सुरक्षित आहे’ असा होत नाही. लसीच्या कुपीवरचं स्टिकर काढून रजिस्टरमध्ये चिकटवलं, की बॅच नंबर आपोआप नोंदला जातो.

रजिस्टरचा दुसरा भाग असतो हालचालींचा: कोणतं कुत्रं कोणत्या तारखेला कोणत्या खोलीत होतं आणि त्या दिवशी ती खोली कुणी साफ केली. रोज दोन ओळी लिहायचा कंटाळा येतो. त्या ओळींचं मोल कळायला एक उदाहरण तपशिलात बघायला हवं.

पाच पिल्लांचं पोतं

समजा, 3 जूनला बाजारपेठेजवळ पोत्यात बांधून टाकलेली पाच पिल्लं एका दुकानदाराने आणली. वय अंदाजे सहा आठवडे, क्रमांक 41 ते 45. सगळी खातीपिती. लस दिली, जंताचं औषध दिलं आणि क्वारंटाइनच्या दोन नंबरच्या खोलीत ठेवली. 7 जूनला संध्याकाळी 43 नंबरचं पिल्लू ताटलीपाशी आलं, हुंगलं आणि कोपऱ्यात जाऊन बसलं. 8 तारखेला सकाळी उलटी, दुपारी रक्ताळलेले जुलाब. विष्ठेच्या झटपट चाचणीत पार्वोची रेघ ठळक उमटली.

पहिला प्रश्न: रोग आला कुठून? 7 तारखेपासून तीन ते सात दिवस मागे मोजलं की 31 मे ते 4 जून ही मुदत मिळते. त्यातले बहुतेक दिवस पिल्लं निवाऱ्याबाहेर होती. रजिस्टर सांगतं, की दोन नंबरच्या खोलीत आधी खरूज झालेला मोठा कुत्रा होता आणि तो गेल्यावर खोली ब्लीचने धुतली होती. म्हणजे रोग पोत्याबरोबरच आला असण्याची शक्यता जास्त. दुकानदाराला फोन जातो. त्याच्या घरी कुत्रं आहे का, त्याची लस झाली आहे का, बाजारात अजून पिल्लं आहेत का?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: रोग पुढे कुठे गेला? पिल्लू आल्यापासूनचा सगळाच काळ धोक्याचा धरायचा. हालचालींच्या नोंदीत सापडतं, की 6 तारखेला संध्याकाळची स्वयंसेविका येऊ शकली नव्हती. सकाळच्याच मुलाने क्वारंटाइन साफ केलं आणि नंतर शेडमधल्या 36, 37, 38 या पिल्लांना खाऊ घातलं. क्रम उलटा झाला. ही तीन पिल्लं आता धोक्यात. त्यांचे चौदा दिवस 6 तारखेपासून मोजायचे, म्हणजे 20 जूनपर्यंत ती कुठेही हलवायची नाहीत, सकाळ-संध्याकाळ ताप आणि खाणं लिहायचं. 38 नंबरचं पिल्लू 9 जूनला दत्तक जाणार होतं, ते थांबतं. नोंद नसती, तर ते पिल्लू एखाद्या घरात गेलं असतं आणि विषाणू त्या घराच्या जिन्यापर्यंत पोचला असता.

मुख्य शेडमधल्या लस पूर्ण झालेल्या मोठ्या कुत्र्यांना धोका कमी. त्यांना हलवून गोंधळ वाढवायचा नाही. पिल्लं घेणं मात्र बंद, आणि ते ग्रुपवर स्पष्ट कळवायचं.

43 नंबरला आयसोलेशनमध्ये हलवल्यावर खरी कसोटी सुरू होते. पार्वोच्या विषाणूला मारणारं सर्रास वापरातलं औषध नाही. उपचार म्हणजे शरीरातून जाणारं पाणी भरून काढणं, उलट्या थांबवणं आणि आतड्याच्या फाटलेल्या अस्तरातून रक्तात शिरणाऱ्या जिवाणूंना प्रतिजैविकांनी अडवणं. दोन किलोचं पिल्लू, मानेवरची कातडी उचलून सोडली तर हळू खाली बसते, हिरड्या चिकट. पशुवैद्यक 8 टक्के निर्जलीकरण धरतात. म्हणजे 160 मिली तूट, अधिक रोजची गरज सुमारे 120 मिली, अधिक उलट्या-जुलाबांतून जाईल तितकं. हे दोन किलोच्या जिवात शिरेतून, सावकाश, दिवस-रात्र जायला हवं. रात्री नऊला स्वयंसेवक घरी जात असतील, तर सुई निघून पडते आणि सकाळपर्यंत उशीर झालेला असतो. रात्रपाळी नसलेल्या निवाऱ्याने पार्वोचं पिल्लू रात्री थांबणाऱ्या दवाखान्यात पाठवावं. वेळेवर आणि पुरेसे उपचार मिळाले, तर बहुतेक पिल्लं वाचतात. नाही मिळाले, तर बहुतेक जातात.

10 तारखेला 45 नंबरनेही खाणं सोडलं. आता राहिलेल्या तीन भावंडांचे चौदा दिवस पुन्हा एकपासून सुरू होतात, कारण ती त्या दिवसापर्यंत त्याच खोलीत होती. त्यांची मुदत 24 जूनला संपते. या बदलामुळे खोली आणखी आठवडाभर अडकते आणि त्या महिन्याच्या आठ जागांपैकी एक-दोन जातात. हा आकडाही ग्रुपवर सांगावा लागतो. वाचलेलं पिल्लू जुलाब थांबल्यावरही काही दिवस विष्ठेतून विषाणू टाकत राहतं. त्यामुळे बरं झाल्यावर आणखी दोन आठवडे ते वेगळं राहतं आणि शेडमध्ये जायच्या आधी त्याला अंघोळ घातली जाते.

चावल्याची नोंद

एक रकाना असा आहे, की तो रिकामा राहिला तर माणूस मरू शकतो: ‘गेल्या दहा दिवसांत कुणाला चावलं का?’ रेबीज झालेल्या कुत्र्याच्या लाळेतून विषाणू बाहेर पडू लागल्यावर ते सहसा काही दिवसांतच मरतं. म्हणून चावल्यानंतर दहा दिवस जे कुत्रं धडधाकट राहिलं, त्याने चावताना रेबीज दिला नव्हता असं म्हणता येतं. चावा घेतलेल्या माणसाने मात्र दहा दिवस वाट बघायची नसते. जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी लस सुरू करायची असते.

रेबीजचं कुत्रं पिसाळलेलंच असतं, हा समज स्वयंसेवकांसाठी फार घातक आहे. त्याचा मूक प्रकारही असतो. जबडा लोंबतो, लाळ गळते, पाणी गिळता येत नाही. बघणाऱ्याला वाटतं घशात हाड अडकलंय, आणि तो कळवळून तोंडात हात घालतो. अशा कुत्र्याला हातमोज्यांनीही स्वतःहून हात लावू नये, पशुवैद्यकांना बोलवावं. ते मेलं तर त्याच्या लाळेशी कुणाकुणाचा संबंध आला, ही यादी रजिस्टरमधूनच निघते आणि ती त्याच दिवशी दवाखान्यात पोचायला हवी. निवाऱ्यात काम करणाऱ्या प्रत्येकाने रेबीजची आगाऊ लस आधीच घेतलेली असावी: पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. नंतर चावा झाला तरी दोन डोस पुन्हा घ्यावेच लागतात, पण महागडं आणि वेळेला न मिळणारं इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही.

माणसांचा हिशेब

चार खोल्यांचा हिशेब जमला, तरी हात पुरायला हवेत. एका कुत्र्याचं खाणं आणि साफसफाई यासाठी दिवसाला पंधरा मिनिटं, हा निवाऱ्यांच्या कामात वापरला जाणारा किमान अंदाज आहे. तीस कुत्र्यांना साडेसात तास. यात औषधं, दवाखान्याच्या फेऱ्या, नोंदी, दत्तक घेणाऱ्यांचे फोन काहीच धरलेलं नाही. रविवारी दहा जण आणि बुधवारी एकटाच, अशी स्थिती असेल तर नियम बुधवारी मोडतात. उदाहरणातल्या 6 तारखेला तेच झालं. म्हणून कुत्र्यांची संख्या बुधवारच्या माणसांवरून ठरवायला हवी.

क्वारंटाइन भरलेलं असताना ‘नाही’ म्हणणाऱ्या निवाऱ्याकडेही देण्यासारखं बरंच असतं. पिल्लांना आणणाऱ्याच्या घरातल्या रिकाम्या बाथरूममध्ये किंवा गॅलरीत दोन आठवडे सांभाळायला सांगता येतं, लस आणि खाणं पुरवता येतं. रस्त्यावरच्या जखमी कुत्र्याची जागेवर जाऊन मलमपट्टी करता येते. आई जवळ असेल आणि जागा धोक्याची नसेल, तर पिल्लं तिच्यापाशीच ठेवणं बऱ्याचदा जास्त सुरक्षित असतं.

कुत्रं घेऊन निवाऱ्याच्या दारात जाणाऱ्याने काही गोष्टी कराव्यात. आधी फोन करावा. कुत्रं नेमकं कुठे आणि कधी सापडलं ते सांगावं, शक्य असेल तर जागेचा फोटो द्यावा. ते कुणाला चावलं असेल तर घेणार नाहीत या भीतीने लपवू नये. आपला फोन नंबर खरा द्यावा आणि पुढचे चौदा दिवस निवाऱ्याचा फोन आला तर उचलावा. घरी लस न झालेलं पिल्लू असेल, तर आधी कपडे बदलून हातपाय धुवावेत, बाहेरच्या चपला त्याच्यापासून दूर ठेवाव्यात आणि मगच त्याला जवळ घ्यावं.